ओल जायची भोकं

खोटं वाटेल, पण यिशुन या परदेशी उपनगरातल्या फ्लॅटमध्ये शामकांत आजोबांनी नात आर्याच्या शाळेसाठी बांधलेला मातीचा मनोरा दोनदा ढासळला होता. आता तिसऱ्यांदा उभा केलेला मनोरा आज शाळेत न्यायचाच होता.

"वाळवंटी देशांतली नदीकाठची जुनी मनोऱ्यासारखी देवळं अश्शीच ढासळायची," आजोबा म्हणाले. "आत कच्च्या विटा, मध्ये लव्हाळ्याच्या चटया, बाहेर डांबरात बसवलेल्या भाजक्या विटा. पण आत पाणी मुरलं, की कच्ची माती फुगून भिंत फोडते. म्हणून ओल जायला भोकं ठेवत."

"अन् तुम्ही विसरलात!" आर्या म्हणाली.

"विसरलो गं, राणी. आता पाडतो भोकं."

"पण आहेत की, आजोबा!"

खरंच, चारी भिंतींत भोकांची सरळ रांग होती; ती दोघांपैकी कुणीच पाडलेली नव्हती. रांगेत फक्त एका जागी भोक नव्हतं, माती सपाट होती.

आजोबा तिथे वाकले. त्यांच्या नाकासमोर माती आतून हळूच बाहेर ढकलली गेली आणि शेवटचं भोक पडलं.