एका वेळी एक पट्टी

"हलू नका मास्तर. आधी यांची पट्टी बांधते, मग तुमची सुई काढते. एका वेळी एकच."

पहिल्या दिवशी सिस्टरने दिलेली ही ताकीद मास्तरांच्या कानात अजून होती. त्याला तीन वर्षं झाली. आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिस. चार खुर्च्या, चार यंत्रं, चार तास. बाकीच्या परिचारिका चौघांच्या सुया एका दमात काढून मोकळ्या व्हायच्या. ही मात्र एकाचं रक्त थांबलं, पट्टी नीट बसली, की मगच दुसऱ्याकडे वळायची.

मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. शेजारी ज्यू घड्याळजी, समोर चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई, खिडकीपाशी शिंपीभाई. मूत्रपिंड चौघांनाही हवं होतं, पण मास्तरांपाशी वेळ नव्हता. सुई टोचण्याजोगी एकच शीर उरली होती आणि तीही बंद पडत चालली होती. मूत्रपिंड आल्याचा दोनदा फोन आला होता. दोनदा जुळलं नव्हतं.

"वाट पाहण्यात आपला हात कोणी धरणार नाही," शिंपीभाई म्हणाले. "इथे मूत्रपिंडाची, आणि जगाच्या शेवटी देवाघरून येणाऱ्या तारणहाराचीही."

"त्याला ओळखायचं कसं, ते तरी सांगा," घड्याळजींची पट्टी बांधता बांधता सिस्टरने विचारलं.

"आमचा मसीहा माणूसच असणार," घड्याळजी म्हणाले. "दाविद राजाच्या वंशातला. विखुरलेल्यांना घरी आणेल, मंदिर पुन्हा उभं राहील, लढाया थांबतील. तो अजून आलेलाच नाही."

"आमचा येऊन गेला," ऑर्गनबाई शांतपणे म्हणाल्या. "परत येईल, मेघांवरून, न्याय करायला. तो दिवस, ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही. पुत्रालाही नाही. फक्त पित्याला."

"बाई, तुमचा तोच आमचाही," शिंपीभाई म्हणाले. "आधी लोकांना वाट दाखवणारे महदी येतील. मग एका डोळ्याने आंधळा दज्जाल लोकांना फसवत सुटेल. तेव्हा ईसा, म्हणजे तुमचा येशू, पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील, दोन फरिश्त्यांच्या पंखांवर हात ठेवून. महदींच्या मागे उभे राहून नमाज पढतील, दज्जालला संपवतील. पुढे चारचौघांसारखे मरतील."

"अहो, एकदा मेला तेवढं पुरे झालं की!" ऑर्गनबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे मेले. आमच्याकडे अल्लाने जिवंत उचलून घेतलं, म्हणून त्यांचं मरण अजून बाकी आहे."

"आणि मास्तर, तुमचा?" सिस्टरने विचारलं.

"कल्की. शंभल गाव, पांढरा घोडा, हातात तलवार. कलियुगाची चार लाख बत्तीस हजार वर्षं, त्यातली पाच हजार सरली. तुमचा शेवट म्हणजे शेवटच. आमच्याकडे लगेच सत्ययुग, चाक पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे सगळ्यात उशीर तुमच्याच माणसाला!" घड्याळजी म्हणाले.

"हो ना. तोवर माझ्या शिरेने दम धरावा."

कोणी हसलं नाही.

घड्याळजींनी घसा खाकरला. "आमच्याकडे एक जुनी गोष्ट सांगतात. मसीहा वेशीवर रोग्यांमध्ये बसलेला असतो. बाकीचे आपल्या सगळ्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात. तो एक सोडतो, ती बांधतो, मगच दुसरी सोडतो. न जाणो जगाला सोडवायचं बोलावणं आलं, तर उशीर व्हायला नको."

सगळ्यांच्या नजरा सिस्टरकडे गेल्या.

"घ्या! सापडली!" शिंपीभाई ओरडले.

"मसीहाला कोण आठ तास उभं ठेवतं?" ती हसली. तिच्या कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला होता. ऑर्गनबाईंनी बिस्किट पुढे केलं, तिने हात जोडले. "साखर-मीठ सोडलंय. व्रत आहे."

"कसलं गं?"

"पूर्ण झालं की सांगेन."

सिस्टर सुई काढत असताना मास्तर पुटपुटले, "कोणी येत-बित नाही, सिस्टर. आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं, लोक नुसती वाट पाहत राहिले."

"येईल. तुम्ही ऑपरेशनला आत जाल ना, तेव्हा मी दारात असेन. शब्द देते."

दोन आठवड्यांनी डॉक्टर स्वतः आले. मूत्रपिंड जुळलं होतं. देणारी व्यक्ती जिवंत, धडधाकट. नाव सांगायचं नाही ही तिची अट. सोमवारी सकाळी ऑपरेशन. घड्याळजींनी मास्तरांचा हात घट्ट धरला. ऑर्गनबाई डोळे पुसू लागल्या.

सिस्टर पट्टीची गुंडाळी उलगडत होती. "सोमवारपासून मी रजेवर आहे. दीड महिना."

"आत्ताच सुचली रजा?" शिंपीभाई उसळले. "अगं, शब्द दिला होतास त्यांना!"

तिने मान खाली घालून पट्टी कापली. मास्तरांनीही मान वळवली. इतकी पोटच्या लेकीसारखी, आणि ऐन वेळी हात वर केले. त्या दिवशी तिने पट्टी नेहमीपेक्षा सावकाश बांधली.

सोमवारी मास्तरांना ढकलगाडीवरून नेलं, तेव्हा नको नको म्हणताना त्यांची नजर दाराकडे गेली. दारात कोणी नव्हतं. फक्त पुढे आणखी एक ढकलगाडी थांबलेली, तिच्यावर हिरव्या टोपीतलं कोणीतरी. मास्तर कोपरावर उठू लागले.

"हलू नका मास्तर," पुढच्या गाडीवरून आवाज आला. "आधी माझं काढतील, मग तुम्हाला बसवतील. एका वेळी एकच."

आणि ती गाडी आत गेली.