फिल्मवरचे डाग

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षांनी नाजिमाची कंबर दुखू लागली, म्हणून आजार पसरलाय का ते पाहायला पेट स्कॅन केला. फिल्म संध्याकाळी मिळाली. रिपोर्ट सकाळी मिळणार होता. कॅम्पात घड्याळं दुरुस्त करणारा तिचा नवरा तन्वीर रात्रभर ती फिल्म भिंगातून न्याहाळत बसला. मेंदू काळाकुट्ट होता, ओटीपोटातही काळा गोळा होता. सकाळी तिला बाहेर बसवून त्याने डॉक्टरांना डाग दाखवले. “अहो, स्कॅनआधी किरणोत्सारी साखर टोचतात. ती जिथे जास्त खपते, तिथे काळं दिसतं. मेंदू साखरेवरच चालतो. उरलेली मूत्राशयात उतरते. हे नॉर्मलच.” तन्वीरला रडूच आलं. “पण हे नाही.” डॉक्टरांचं पेन मणक्यावरच्या मसुराएवढ्या ठिपक्यावर थांबलं. “आजार हाडात गेलाय.” तो ठिपका तन्वीरने धूळ समजून दोनदा पुसला होता. “काय म्हणाले?” तो बाहेर येताच नाजिमाने विचारलं. “मेंदू चांगला आहे,” तो म्हणाला.