कानामागचे कोंब

राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी बिसाहिन आणि तिच्या सखीने भोजलीचे, म्हणजे गव्हाचे, कोवळे कोंब एकमेकींच्या कानामागे खोचले आणि जन्माच्या मैत्रिणी झाल्या. तेव्हापासून एकमेकींचं नाव घेणं पाप. हाक मारायची ‘भोजली’ म्हणूनच. मग बिसाहिनची भोजली लग्न होऊन रायपूरला गेली. आधी रोज फोन, मग सणासुदीला, पुढे नुसते मेसेज: ‘कामात आहे. मजेत आहे.’ बिसाहिनचा फोन कुणी उचलत नसे. “शहराची हवा लागली तिला,” आई चुलीपुढून टोमणा मारायची, “तू बस झुरत!” आज पुन्हा तोच दिवस. हातात कोंब घेऊन बिसाहिनने रागाने लिहिलं, ‘विसरलीस ना? उद्या येतेच.’ लगेच उत्तर आलं: ‘नको येऊस, बिसाहिन. मजेत आहे.’ मुठीतले कोंब गळून पडले. “आई, भोजली मेली तरी माझं नाव घेणार नाही.” आईने पेटत्या चुलीत पाणी ओतलं. “चल, आत्ताच.”