कालवांची किमची

"कालवांशिवाय किमची कसली?" हा ब्योंगदोचा हेका. शिंपल्यातली ही कालवं खाल्ली की बायकोच्या, मालसुनच्या, अंगावर गांधी उठत. म्हणून हिवाळ्यासाठी कोबीची किमची घालताना तीस वर्षं दोघांची जुंपायची. यंदा मात्र ती एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मीठसुद्धा त्याला विचारून घातलं आणि वाडगाभर कालवं तिखटाच्या वाटणात स्वतःच ओतली.

ब्योंगदोनं खुशीत धाकट्या बहिणीला फोन लावला. "तुझी वहिनी निवळली गं एकदाची! घरात कशी शांतता आहे."

फोन ठेवला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, डबे नेहमीच्या निम्मेच भरलेत.

"अगं, एवढ्यात हिवाळा निघेल का?"

मालसुननं शेवटच्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं.



"निघेल की. घरात तुम्ही एकटेच असाल, पुष्कळ होईल."