कागदावरचे ठिपके

आबा जाऊन महिना झाला नव्हता, तोच त्यांच्या मुलानं, वीरधवलनं, रहिमतपुरात मोबाइलचं दुकान उघडलं. वर मला, बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याला, म्हणाला, “मास्तर, आबांनी लिहिलेली चाल वाजवा. पण स्टॅकाटो.”

मला किळस आली. मयतीला हीच चाल मी लेगाटो वाजवली होती. जीभ फक्त पहिल्या सुराला लावली, पुढचे सगळे एका श्वासात जोडत नेले. अख्खं गाव रडलं होतं. आता सूर तेच, लयही तीच, पण प्रत्येक सुराला जीभ लावून तो अर्ध्यावर तोडला, मध्ये फट सोडली. पोरं लगेच नाचायला लागली. शी! मी क्लॅरिनेट खाली घेतलं.

वीरधवलची आई शालूबाई पुढं आल्या. “आवं, थांबला का? आमचं मालक असंच तर वाजवायचं.”

मी आबांनी चाल लिहिलेला जुना कागद काढला. “वैनी, यात असं कुठं लिवलंय?”

“परतेक सुरावर ठिपका हाय की. ठिपका म्हंजी सूर तोडायचा, असं त्येच सांगायचं.”

“ती माश्यांची घाण हाय.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “मास्तर, माश्या इतक्या नेमानं बसत्यात व्हय?”