तळणीचं तेल

बहात्तरच्या दुष्काळात नवरा गेला आणि कडूबाई पोरांसाठी भिंगारच्या बाजारात घरची शेव विकू लागली. एकदा गल्लीतली मालनबाई नेलेली पुडी घेऊन परतली, "खवट लागती!" कडूबाईनं चाखली आणि लगेच थुंकून टाकली. तिला तेल देणाऱ्या वाण्यानं ताज्या तेलात आधीच्या तळणीचं काळवंडलेलं तेल मिसळलं होतं. जाब विचारला, तर तो हसला, "तिखट वाढव, कुनाला कळत न्हाई." त्या हसण्याची तिला तेलाहून अधिक किळस आली. घरात पोरं उपाशी होती, तरी तिनं शेवेचा अख्खा डबा सगळ्यांदेखत उकिरड्यावर ओतला. काही दिवसांनी मालनबाईच दारात आली, हातात स्वतःच्या तेलाची बरणी. "माझ्यासमोर तळ." तिचं बघून शेजारणीही आपापलं तेल आणून मजुरीवर शेव पाडून नेऊ लागल्या. दिवाळीला मालनबाई रिकाम्या हातानं आली. "तेल तूच आन. खराब तेलाची माझ्यापरीस तुलाच जास्त किळस हाय."