सिमेंटखालची

"अहो, बघून पाय टाका, नाहीतर पडाल आणि माझ्याच डोक्याला ताप," असं म्हणत मिस्त्रींची बायको त्यांच्या मागोमाग परांची चढली. गुडघे तिचेच दुखत होते, पण खाली थांब म्हटलं तर ऐकेल तर शपथ. वर लेक वाट पाहत होती. जुन्या मूर्तींची डागडुजी हा लेकीचा पेशा, आणि देवळाच्या या भिंतीवरचं सिमेंट काढायचं काम नेमकं तिच्याकडे आलं होतं. ते थापलं होतं तिच्याच बापानं, ऐन तरुणपणी. आता याला नशीब म्हणायचं नाही तर काय!

सिमेंटखाली एक जोडपं होतं. मिठीत.

"बाबा, खाली मातीचा थर दिला होतात ना?" लेकीनं पुन्हा विचारलं. "दगड मऊ आहे, सिमेंट त्याहून कडक. मध्ये थर नसेल तर निघताना दगडाची साल घेऊन येईल."

"दिला होता म्हटलं ना एकदा!" मिस्त्री करवादले.

तसं खोटं नव्हतं ते. देवळाच्या कमिटीला चुना नको होता, चार पावसांत धुऊन जातो म्हणून. सिमेंटच हवं होतं. पण मिस्त्रींचा जीव कारागिराचा. आज झाकतायत, उद्या कुणाला उघडावंसं वाटलं तर? म्हणून त्यांनी चिकणमाती कालवून आधी हातानं लिंपली होती. ती वाळली की वरून सिमेंट. मग पुढेमागे पापुद्रा अलगद सुटतो.

लेक बारीक छिन्नीनं कडेकडेनं टिचकत होती, आणि तोंडही चालू होतं. "आई, घडवणाऱ्यांना यात काही वावगं वाटलं नव्हतं बघ. देवळावर जोडपं म्हणजे शुभ. शिल्पाच्या पोथ्यांतच सांगितलंय, दाराच्या चौकटीवर जोडपी कोरा म्हणून. आणि कामशास्त्रावरच्या पोथीत तर मिठ्यांना नावं आहेत, एकेकीला वेगळं. जुन्या फोटोत दिसते ती ही मिठीही आहे त्यात. वेल झाडाला लपेटते तशी बाई लपेटते, आणि त्याचं तोंड खाली ओढून घेते."

"इश्श! तेव्हा लाज नव्हती होय लोकांना?"

"होती की. वैरागी मंडळी तेव्हाही नाकं मुरडायचीच. पण मग परके राज्यकर्ते आले. हे सगळं ओंगळ आहे म्हणून त्यांनी लिहून ठेवलं, छापणाऱ्यांवर खटले भरले. आपले शिकलेले लोक ओशाळले. आम्ही नाही हो तसले, हे दाखवायला स्वतःच पोथ्यांतले श्लोक गाळायला लागले. आणि गंमत ऐक, त्या परक्यांच्या कायद्यानं देवळावरच्या मूर्तींना सूट दिली होती. आपल्या कमिटीनं नाही दिली."

मिस्त्री भिंतीकडे बघत राहिले.

दुपारपर्यंत पुरुष मोकळा झाला. खांदा, गळ्यातली माळ, खाली झुकलेली मान. माती पाण्यानं सुटत होती आणि दगड कालच घडवल्यासारखा दिसत होता. लेक खूश झाली. "बाबा, हात आहे तुमचा!"

"मला ती बघायचीय," आई म्हणाली.

ती त्यासाठीच आली होती. लग्न नवं असताना मिस्त्रींचा डबा घेऊन ती याच भिंतीपाशी, तेव्हाच्या परांचीखाली आली होती, आणि वर बघून चटकन बोलून गेली होती, "किती सुखात आहे हो ही!" मिस्त्री तिच्यावर खेकसले होते. बाईच्या जातीनं असलं बोलायचं नसतं, जा घरी. ती गेली. त्यानंतर तिनं सुखाचा विषय कधी काढला नाही. मिस्त्री नवरा म्हणून वाईट नव्हते. घरात कशाला कमी पडू दिलं नाही. पोरं झाली, तीही अंधारात, एक अक्षर न बोलता. दिवसाउजेडी त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला असेल तर देवालाच ठाऊक.

छिन्नी बाईच्या बाजूला सरकली, आणि आवाज बदलला. इतका वेळ पोकळ वाजत होतं, ते आता भरीव वाजायला लागलं.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "थांब पोरी, थांब!"

उशीर झाला होता. ढलपा लेकीच्या तळहातावर पडला. तिनं उलटून पाहिला. आतल्या बाजूला अर्धा गाल चिकटून आला होता, आणि हसणाऱ्या ओठाचा कोपरा. भिंतीवर चेहऱ्याच्या जागी नुसता कच्चा, खरखरीत दगड.

"इथे माती नाहीये, बाबा."

मिस्त्री मटकन खाली बसले.

"माती हातानंच लिंपावी लागते," ते म्हणाले. "कमिटीची माणसं खाली उभी. सगळ्यांचे डोळे माझ्या हातांवर. त्याला लिंपली. पण तिच्या गालाला, छातीला... सगळ्यांदेखत कसा हात लावायचा? नाही झालं माझ्याच्यानं. तिच्यावर थापीनं लांबूनच सिमेंट मारलं."

आता रडावं की बापाला सावरावं, लेकीला कळेना.

आईनं ढलपा आपल्या हातात घेतला. त्या ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून ती उभी राहिली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. रागावली असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

"दगडाची होती हो ती," ती म्हणाली. "तिलाही नाही?"